पानथरीची गाठ फुटल्यावर "दोन-तीन महिने" म्हणजे नेमकं काय

"आमचा लॅब्रेडॉर साडेदहा वर्षांचा आहे, वजन ३३ किलो. काल संध्याकाळी अंगणात चालता चालता त्याचे मागचे पाय गेले आणि तो आडवा पडला. आम्हाला वाटलं ऊन लागलं. धुळ्याला नेल्यावर सोनोग्राफीत पोटात रक्त आणि प्लीहेवर गाठ दिसली. सलाईन लावल्यावर आज उठून बसलाय, शेपटीही हलवतो. डॉक्टर म्हणतात हेमँजिओसार्कोमा असणार, ऑपरेशन केलं तरी दोन-तीन महिने. एवढा बरा दिसतोय, मग खरंच इतके कमी दिवस? आणि तसं असेल तर ऑपरेशन करायचंच कशाला?"

आधी तो बरा का दिसतोय ते सांगतो, कारण घरच्यांची सगळ्यात मोठी फसगत तिथेच होते. एवढ्या वजनाच्या कुत्र्याच्या अंगात साधारण पावणेतीन लिटर रक्त असतं. पानथरीवरची, म्हणजे तुमच्या रिपोर्टातल्या प्लीहेवरची, गाठ फुटली की त्यातलं अर्धा-एक लिटर पोटाच्या पोकळीत उतरतं. रक्तदाब कोसळतो आणि कुत्रा पाय सोडून देतो. पण दाब उतरला की गाठीतून वाहणारं रक्तही मंदावतं, फाटलेल्या जागी गुठळी बसते आणि रक्तस्राव थांबतो. पोटात सांडलेलं रक्तही सगळं वाया जात नाही. पोटाच्या अस्तरातून त्यातल्या तांबड्या पेशी पुढच्या दोन-तीन दिवसांत बऱ्याचशा परत रक्तात ओढल्या जातात. त्यात वरून सलाईन मिळालेलं. त्यामुळे काल मेल्यासारखा पडलेला कुत्रा आज शेपटी हलवतो. ही सुधारणा खरी आहे, पण गाठ जागच्या जागीच आहे आणि त्या भोकावर एका गुठळीचं बूच बसलेलं आहे, इतकंच. ते बूच दोन तासांनी निघेल की दोन आठवड्यांनी, हे कुणालाच सांगता येत नाही.

जरा मागचे दीड-दोन महिने आठवून बघा. एखाद्या दिवशी तो जेवला नाही, फिरायला निघाला नाही, कोपऱ्यात पडून राहिला आणि दुसऱ्या दिवशी आपोआप ठीक झाला, असं झालं होतं का? मी हे विचारलं की दहापैकी निम्म्या घरांत "हो, पण आम्हाला वाटलं पोट बिघडलं असेल" असं उत्तर येतं. तो बहुतेक वेळा छोटा रक्तस्राव असतो, आपोआप थांबलेला.

आता आजाराबद्दल. हेमँजिओसार्कोमा म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा कर्करोग. रक्तवाहिनी घडवणं हे या पेशींचं मूळ काम, आणि बिघडल्यावरही त्या तेच करत राहतात, फक्त ओबडधोबड. भिंत पातळ, आकार वेडावाकडा, आत पोकळ्याच पोकळ्या आणि त्यात साचलेलं रक्त. म्हणून ही गाठ हाताला मऊ, जांभळट काळी लागते आणि कशानेही फुटते. दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. बाकीच्या कर्करोगांना रक्तात शिरण्यासाठी वाट काढावी लागते, हा जन्मतःच रक्तात बसलेला. त्यामुळे पानथरीवरची गाठ आपल्याला दिसते तोपर्यंत तिच्या पेशी यकृतात, फुप्फुसात, पोटातल्या चरबीच्या पडद्यावर, कधी हृदयाच्या उजव्या कर्णिकेत जाऊन बसलेल्या असतात, आणि त्या वेळी त्या कुठल्याही मशीनवर दिसण्याएवढ्या मोठ्या नसतात. पानथरी काढल्याने रक्तस्राव थांबतो, आजार थांबत नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या दोन-तीन महिन्यांमागचं कारण हे आहे.

पण त्यांच्या वाक्यात "असणार" हा शब्द आहे, आणि त्या शब्दावर मला जास्त बोलायचंय.

चोपडा तालुक्यातल्या एका केसच्या उदाहरणावरून सांगतो, म्हणजे पायऱ्या नीट कळतील. केळीच्या बागेवर राहणारा जर्मन शेफर्ड, आपल्याकडे सगळे अल्सेशियन म्हणतात तो. नाव राजा, वय ११, वजन ३२ किलो. मे महिना, दुपारी चारची वेळ. पिकअपमध्ये ओलं गोणपाट अंगावर टाकून आणला होता. घरच्यांनी तासभर पाणी मारलं होतं, कारण खान्देशात मे महिन्यात कुत्रा कोसळला की सगळ्यांच्या तोंडी पहिला शब्द ऊन हाच येतो. येणारच, पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. फक्त उन्हाने पडलेल्या कुत्र्याचा ताप १०५-१०६ फॅरनहाइटच्या वर असतो, हिरड्या आधी लालभडक असतात, श्वास धाप लागल्यासारखा असतो. राजाचा ताप ९९ होता, निरोगी कुत्र्याच्याही दोन अंश खाली. ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या सोललेल्या केळीच्या गरासारख्या पांढुरक्या. बोटाने दाबून सोडलं तर रंग परत आलेला कळतच नव्हता, कारण मुळात रंगच नव्हता. नाडी मिनिटाला १७० आणि दोऱ्यासारखी बारीक. एका कुशीवर हात ठेवून दुसऱ्या कुशीवर टिचकी मारली की पखालीतल्या पाण्यासारखी लाट हाताला लागत होती. ऊन नव्हे, हे रक्त होतं. अशा थंड पडलेल्या कुत्र्यावर गार पाणी मारत राहिलं तर त्याचं नुकसानच होतं, म्हणून हिरड्यांचा रंग घरी बघायला शिका एवढं मी सगळ्यांना सांगतो.

सोनोग्राफीचा प्रोब लावला तर पोटभर काळं पाणी, आणि पानथरीच्या शेपटाकडे नऊ सेंटिमीटरची, आत खड्डे खड्डे दिसणारी गाठ. बारीक सुईने पोटातलं पाणी काढलं, ते रक्तच होतं. आता इथे एक साधी परीक्षा आहे जी मी कधीही टाळत नाही. पोटातलं रक्त काचेच्या नळीत ठेवलं तर ते गोठत नाही, कारण पोटात सांडल्यावर त्यातलं गोठण्याचं सामान आधीच वापरून झालेलं असतं. ते गोठलं, तर सुई चुकून रक्तवाहिनीत किंवा पानथरीतच गेली असं समजायचं. पण मी दुसऱ्या एका नळीत पायाच्या शिरेतलं दोन मिली रक्तही घेतो, नळी कोरडी आणि स्वच्छ हवी, आणि वीस मिनिटं न हलवता ठेवतो. मग नळी तिरकी करून बघायची. गुठळी जागेवर राहिली तर ठीक. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर सगळा विचार बदलतो.

तो का बदलतो? आपल्याकडे शेतघरात, गोडाऊनमध्ये, कापसाच्या गंजीजवळ उंदरांची औषधं ठेवलेली असतात. ब्रोमॅडिओलोनसारखी गोळी कुत्र्याने खाल्ली, किंवा ती खाल्लेला उंदीर खाल्ला, की तीन-पाच दिवसांनी त्याच्या रक्ताची गोठण्याची ताकद जाते आणि पोटात, छातीत रक्त उतरतं. बाहेरून चित्र हुबेहूब सारखंच: पांढऱ्या हिरड्या, कोसळणं, पोटात रक्त. पोटात जमलेली मोठी गुठळी घाईच्या सोनोग्राफीत गाठीसारखीही दिसू शकते. घोणस किंवा फुरसं चावलं तरी रक्त गोठत नाही. यातला उंदराच्या औषधाचा कुत्रा व्हिटॅमिन के वन आणि रक्त किंवा प्लाझ्मा देऊन पूर्ण बरा होतो, आणि नेमक्या त्याच कुत्र्याचं पोट उघडलं तर तो टेबलावर जातो. म्हणून तुमच्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: शिरेतलं रक्त गोठतंय का? हेमँजिओसार्कोमातही कधी कधी रक्त गोठायचं थांबतं, तेव्हा नळी निकाल देत नाही. पण ती गोठली नाही तर सुरी उचलण्याआधी थांबून विचार करायला लावते.

राजाचं रक्त बारा मिनिटांत गोठलं. तांबड्या पेशींचं प्रमाण, ज्याला आम्ही पीसीव्ही म्हणतो, ते आल्या आल्या २७ टक्के होतं. निरोगी मोठ्या कुत्र्यात ते चाळीस-पंचेचाळीसच्या घरात असतं. पहिला आकडा नेहमी फसवा असतो, कारण जितकं रक्त गेलं तितकंच पाणीही गेलेलं असतं. रिंगर लॅक्टेटच्या दोन बाटल्या गेल्यावर तो १९ वर आला, तो खरा आकडा. सलाईनही मी बेताबेताने, थोडं थोडं देतो. दाब एकदम वर नेला तर बूच उडतं.

मालक, पंचावन्न-साठीचे आप्पा, बाहेरच्या बाकावर बसले होते. मी गाठ आहे म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॉक्टर, आते काय करानं?"

मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. अपघात झालेला नसताना पोटात रक्त आलं आणि पानथरीवर गाठ आहे, अशा दहा कुत्र्यांपैकी सहा ते आठ जणांना घातक कर्करोग निघतो आणि त्यातले बहुतेक हेमँजिओसार्कोमाच असतात. उरलेल्या दोन-चार जणांची गाठ नुसती रक्ताची साठवण असते, हेमॅटोमा म्हणतो आम्ही, किंवा म्हातारपणी पानथरीत येणारी साधी वाढ असते. त्यांची पानथरी काढली की ते बरे, पुढची वर्षं आपली आपण जगतात. कोण कुठल्या गटात, हे सोनोग्राफीवर सांगता येत नाही. गाठ मोठी म्हणजे वाईट असंही नाही, उलट हेमॅटोमाच जास्त मोठाले होतात. सुईने गाठीतलं पाणी काढून तपासायचा मोह होतो, पण अशा गाठीतून रक्ताशिवाय फारसं काही येत नाही आणि भोक मात्र पडतं. उत्तर फक्त पानथरी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर मिळतं. म्हणजे ऑपरेशनचा निर्णय नाव कळायच्या आधी घ्यावा लागतो. ही या आजारातली खरी अडचण.

तरीही ऑपरेशनआधी तासाभरात दोन गोष्टी बघून घेता येतात. छातीचे एक्स-रे, उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि एक उताणा किंवा पालथा. त्यात फुप्फुसभर ठिपके असतील तर मी पोट उघडायचा सल्ला देत नाही. आणि प्रोब छातीवर लावून हृदयाभोवती पाणी आहे का, उजव्या कर्णिकेवर गाठ आहे का ते बघायचं. यकृतावरचे डाग मात्र मी फारसे मनाला लावून घेत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या यकृतावर निरुपद्रवी गाठी इतक्या असतात की त्यावरून कुत्र्याला कायमचं झोपवायचा निर्णय घेणं चूक. राजाची छाती स्वच्छ होती, हृदयही.

रक्ताची सोय हा आपल्या भागात मोठा प्रश्न असतो. कुत्र्यांची रक्तपेढी जवळपास नाही, तेव्हा जिवंत दाता शोधायचा. आप्पांच्या भाच्याचा चार वर्षांचा लॅब्रेडॉर होता, ३५ किलोचा. माणसांसाठीच्या ४५० मिलीच्या पिशवीत त्याचं रक्त घेतलं. त्याआधी त्याची गोचीड तापाची तपासणी केली, कारण आपल्याकडे दाता वरून ठणठणीत दिसतो आणि त्याच्या रक्तात बेबेसिया किंवा एर्लिकिया निघतो. आधी कधी रक्त न चढवलेल्या कुत्र्याला पहिल्यांदा दुसऱ्या कुत्र्याचं रक्त सहसा चालून जातं, माणसासारखा गट जुळायचा अट्टहास पहिल्या पिशवीला नसतो. तरी पहिली पंधरा-वीस मिनिटं हळू सोडून बघायचं. किलोमागे दोन मिली रक्ताने पीसीव्ही साधारण एक टक्का चढतो, म्हणजे त्या पिशवीने सात. राजा १९ वरून २५ ला आला. सकाळी ऑपरेशन केलं.

पोटातून लिटरभर रक्त निघालं. पानथरीच्या रक्तवाहिन्या बांधून ती अख्खी काढली, पन्नास मिनिटं लागली. यकृतावर तीन काळसर डाग होते, त्यातल्या एकाचा तुकडा घेतला. ही शस्त्रक्रिया हातासाठी अवघड नाही. अवघड जाते ती पुढची रात्र. पानथरीच्या आजारात आणि ती काढल्यावर पहिले एक-दोन दिवस हृदयाचे ठोके चुकतात, ईसीजीवर मधूनच रुंद, वेडेवाकडे ठोके येतात. राजाचे रात्री अकराला ओळीने यायला लागले, लिग्नोकेन दिल्यावर बसले. म्हणून रात्रभर कुणी माणूस आणि ईसीजी आहे का, हे ऑपरेशन ठरवतानाच विचारा. पानथरीच्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये किंवा त्यानंतरच्या थोड्या दिवसांत शंभरातले सात-आठ कुत्रे दगावतात असं मोठ्या दवाखान्यांचे आकडे सांगतात, आणि आपल्याकडे रक्त आणि रात्रीची देखरेख नसेल तर याहून जास्त समजून चाला.

आता तपासणीच्या तुकड्याबद्दल, कारण इथे मी स्वतः एकदा चुकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी भुसावळकडच्या एका कुत्र्याची पानथरी काढली आणि गाठीच्या मधोमध कापून दोन तुकडे पाठवले. रिपोर्ट आला, नुसतं गोठलेलं रक्त, हेमॅटोमा. मी घरच्यांना आनंदाने फोन केला. पाच आठवड्यांनी तो कुत्रा पुन्हा पोटात रक्त घेऊन आला, यकृतभर गाठी. हेमँजिओसार्कोमाच्या गाठीत मधला भाग बहुतेक रक्ताच्या गुठळीचाच असतो, कर्करोगाच्या पेशी काठाला पातळ थरात असतात. मी तेवढा काठच सोडला होता. तेव्हापासून जमलं तर अख्खी पानथरी पाठवतो. नाहीतर गाठ आणि चांगला भाग जिथे मिळतो तिथले पाच-सहा तुकडे, प्रत्येक सेंटिमीटरभर जाडीचा, दहा पट फॉर्मलिनमध्ये. तुमच्या डॉक्टरांना हे सांगायला संकोचू नका. "हेमॅटोमा" असा रिपोर्ट आला तर किती तुकडे बघितले, हेही विचारा.

राजाचा रिपोर्ट बाराव्या दिवशी आला. पानथरीत हेमँजिओसार्कोमा. यकृताचा तुकडा मात्र साधा, म्हातारपणाची वाढ. फुटलेली गाठ, पण दूर पसरल्याचा पुरावा नाही, याला दुसरी पायरी म्हणतात. पहिली पायरी म्हणजे पाच सेंटिमीटरहून लहान, न फुटलेली गाठ. ती दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी करताना अचानक सापडली तर सापडते. कोसळून आलेला कुत्रा पहिल्या पायरीत बसतच नाही. तिसरी म्हणजे यकृत, फुप्फुस वगैरे ठिकाणी पसरलेला.

आणि आता तुमचा "दोन-तीन महिने". हा आकडा मुदत नाही. तो मधला आकडा आहे. समजा असे ऑपरेशन झालेले अकरा कुत्रे जितके दिवस जगले त्या क्रमाने ओळीत उभे केले, तर मधोमध जो उभा आहे त्याचे ते दिवस. त्याच्या डावीकडे पाच जण आहेत, कुणी चार दिवसांत गेलं, कुणी तीन आठवड्यांत. उजवीकडे पाच आहेत, एखादा पाच महिन्यांचा, क्वचित एखादा वर्षाचा. वेगवेगळ्या अभ्यासांत नुसत्या ऑपरेशनचा हा मधला आकडा एक ते तीन महिन्यांच्या मध्ये येतो. तुमचा कुत्रा ओळीत कुठे उभा आहे ते मला माहीत नाही, तुमच्या डॉक्टरांनाही नाही. आणि ही ओळ फक्त ज्यांचा रिपोर्ट हेमँजिओसार्कोमा आला त्यांची आहे. तुमच्याकडे अजून रिपोर्टच नाही, म्हणजे आज तुमचा कुत्रा दोन ओळींच्या मध्ये उभा आहे, पहिली महिन्यांत मोजायची आणि दुसरी वर्षांत, आणि पहिल्या ओळीत असण्याची शक्यता बरीच जास्त. "तीन महिने राहिले" असं कुणी आज म्हणत असेल तर ते तितकंच अपुरं आहे जितकं "काढली की बरा होईल" हे.

आकड्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो, जी घरच्यांना आधी कळली तर बरं असतं. हे दिवस कसे जातात? इतर कर्करोगांत कुत्रा हळूहळू झिजतो, आपल्याला मनाची तयारी करायला वेळ मिळतो. इथे तसं होत नाही. ऑपरेशनची जखम भरली की कुत्रा अगदी पूर्वीसारखा असतो, खातो, भुंकतो, मागे लागतो. आणि मग एके दिवशी दुसरीकडची गाठ फुटते. शेवट बहुधा एका दिवसाचा असतो. राजा ऑपरेशननंतर ७४ दिवस जगला, त्यातले पहिले दहा सोडले तर सगळे चांगले गेले. आप्पा सांगायचे, सकाळी मोटार चालू करायला निघालो की पुढे हाच. ७४ व्या दिवशी पहाटे पुन्हा हिरड्या पांढऱ्या. या वेळी यकृत गाठींनी भरलेलं. आप्पा त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तो मन्हा पोरगासारखा शे, तेले आते त्रास नको." आम्ही त्याला झोपवलं.

ते ७४ दिवस त्या सगळ्या खर्चाला, त्या रात्रीला पुरले का? आप्पा म्हणतात पुरले. त्याच वर्षी दुसऱ्या एका घराने तसंच ऑपरेशन केलं, कुत्रा नवव्या दिवशी गेला, आणि ते मला म्हणाले की हे केलं नसतं तर बरं झालं असतं. दोघेही खरं बोलत होते.

केमोथेरपीबद्दल थोडक्यात. डॉक्सोरुबिसिन हे मुख्य औषध, माणसांचंच. तुमच्या कुत्र्याच्या अंगाचं क्षेत्रफळ साधारण एक चौरस मीटर धरलं तर एका वेळी ३० मिलीग्रॅमच्या आसपास, दर दोन-तीन आठवड्यांनी, चार ते सहा वेळा. ऑपरेशनसोबत हे दिलं तर मधला आकडा चार-सहा महिन्यांपर्यंत सरकतो. वर्ष पार करणारे तरीही दहात एखादा. कुत्र्यांना माणसांइतका त्रास होत नाही, केस सहसा झडत नाहीत, दोन-चार दिवस उलट्या-जुलाब, आठवड्याभराने पांढऱ्या पेशी उतरतात. पण औषध शिरेबाहेर थेंबभर गेलं तर कातडी आणि मांस सडतं, आणि एकूण मात्रा वाढली की हृदयाला झेपत नाही. म्हणून हे ज्याने आधी हाताने दिलंय त्याच्याकडेच घ्या, आणि आपल्या भागातून त्यासाठी पुण्या-मुंबईच्या चार-सहा खेपा धराव्या लागतात. नाव नक्की झाल्याशिवाय, म्हणजे रिपोर्ट येण्याआधी, केमोचा विचारही करू नका. काही चिनी पावडरी आणि मशरूमच्या गोळ्या लोक व्हॉट्सॅपवर पाठवतात. मी त्या घ्यायला बंदी करत नाही, पण त्यांनी आयुष्य वाढतं असा भरवशाचा पुरावा माझ्या वाचनात आलेला नाही.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? शिरेतलं रक्त गोठत असेल, छातीचे तिन्ही एक्स-रे स्वच्छ असतील, हृदयावर गाठ नसेल, दाता कुत्रा मिळत असेल आणि खर्च कर्ज न काढता झेपत असेल, तर मी ऑपरेशन केलं असतं. त्या दोन-चार नशीबवानांत तो असू शकतो म्हणून, आणि नसला तरी रक्तस्राव थांबून काही आठवडे मिळतात म्हणून. फुप्फुसात ठिपके असतील किंवा हृदयाभोवती पाणी असेल तर नसतं केलं. आणि टेबलावर पोट उघडल्यावर चरबीच्या पडद्यावर सगळीकडे जांभळ्या गाठी पसरलेल्या दिसल्या तर तिथेच न उठवण्याची परवानगी आधी लिहून दिली असती, म्हणजे डॉक्टरला हातमोजे घालून फोन करावा लागत नाही.

ऑपरेशन करायचं नसेल तरी तो निर्णय चुकीचा नाही, फक्त अर्धवट घेऊ नका. गाठ फुटलेला कुत्रा ऑपरेशनशिवाय बहुतेक काही दिवस, कधी एक-दोन आठवडे काढतो. ते दिवस घरी काढायचे असतील तर जिना नको, उड्या नको, गाडीत चढवताना पोटाखाली हात घालून उचलू नका, छाती आणि मांड्यांखालून उचला. वेदनेसाठी घरातली माणसांची गोळी देऊ नका. दिवसातून दोनदा ओठ उचलून हिरड्या बघा आणि आजचा रंग लक्षात ठेवा, फोटो काढून ठेवा, उद्या तुलना करता येते. हिरड्या फिक्या होत जाणं, पोट ताणलेलं दिसणं, पडल्या पडल्या श्वास जलद होणं, उठवूनही न उठणं, हे दिसलं की ते सुरू झालेलं असतं. ते बहुधा रात्री किंवा रविवारी होतं. म्हणून तुमच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा की रात्री दोन वाजता फोन केला तर ते येतील का, त्यांच्याकडे झोपवायचं औषध आहे का, आणि ते नसतील तर कोण.

आणि ऑपरेशन झालं, रिपोर्ट हेमॅटोमाचा आला, तुकडेही पुरेसे बघितलेले निघाले, तर एक गोष्ट विसरू नका. पानथरी नसलेल्या कुत्र्याला बेबेसियाचा गोचीड ताप फार जोरात येतो, कारण ते जंतू गाळून काढणारी चाळणीच गेलेली असते. गुरांच्या गोठ्याजवळ राहत असेल तर गोचिडाचं औषध बाराही महिने, एकही महिना न चुकवता. भुसावळकडचाच दुसरा एक कुत्रा, माझ्याकडचा, हेमॅटोमाने वाचलेला, पानथरीशिवाय अडीच वर्षं छान जगला. मधल्या एका पावसाळ्यात औषध राहिलं आणि गोचीड तापाने चार दिवस सलाईनवर होता, तेवढंच.